तिला खो-खो खेळू द्या : डॉक्टरांचं शाळेला पत्र

‘जास्त दमवू नये.’ हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं मूल शाळेत परत येतं, तेव्हा त्याच्या कागदांवर खेळाविषयी अनेकदा एवढंच लिहिलेलं असतं. जास्त म्हणजे किती, हे त्यात नसतं. लंगडी चालेल का, कबड्डीत पकड करायला उतरवावं का, क्रीडा सप्ताहात नाव घालावं का, यातलं काहीच त्या तीन शब्दांवरून कळत नाही. मग शिक्षक सर्वांत सुरक्षित वाटणारी वाट धरतात. मूल मैदानाच्या कडेला बसतं, इतरांच्या चपला आणि बाटल्या सांभाळतं, फार तर गुण मांडतं. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांपुरतं योग्य असलेलं हे बसणं मग वर्षानुवर्षं चालू राहतं, कारण ते कधी संपवायचं हेही कुणी लिहून दिलेलं नसतं.

असं मूल खेळात मागे पडतं ते पुष्कळदा हृदयामुळे नव्हे, तर या अस्पष्ट शब्दांमुळे. म्हणून शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरने वर्गशिक्षकांना नीट, खेळांची नावं घेऊन पत्र लिहिणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

असं पत्र लिहू शकणारा माणूस महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांच्या आसपास असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. जन्मजात हृदयदोष हा त्यांच्या तपासणीच्या यादीतला एक महत्त्वाचा आजार आहे. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुलं असा दोष घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांतली काही अंगणवाडीतच ओळखली जातात, मोठ्या रुग्णालयात पाठवली जातात, बरी होऊन गावी येतात आणि पुढच्या तपासणीला त्याच डॉक्टरांसमोर उभी राहतात. हृदयतज्ज्ञाची फाइल वाचता येणारा आणि शाळेचं मैदानही पाहिलेला असा हा डॉक्टर असतो.

त्याचं पत्र कसं असावं, हे एका नमुन्यावरून पाहू. पत्रातली मुलगी प्रातिनिधिक आहे. ती पाचवीत आहे, वय दहा. चार वर्षांची असताना तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या दोषाचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. मार्सेयच्या एतिएन-लुई आर्थर फॅलो या डॉक्टरने 1888 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते नाव. पत्राची सुरुवात अशी :

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपल्या वर्गातील विद्यार्थिनीच्या पालकांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहे. तिच्या हृदयात जन्मापासून दोन मुख्य अडचणी होत्या. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं आणि फुफ्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. त्यामुळे पुरेसा ऑक्सिजन नसलेलं रक्त शरीरभर जाई आणि तिचे ओठ व नखं निळसर दिसत. सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत छिद्रावर ठिगळ लावून ते बंद केलं आणि अरुंद वाट रुंद केली. आता तिच्या रक्तातला ऑक्सिजन इतर मुलांइतकाच आहे. तिला रोजचं कोणतंही औषध नाही.’

शेवटची दोन वाक्यं शिक्षकांसाठी फार मोलाची आहेत. ‘हृदयाला भोक आहे’ एवढंच गावात ठाऊक असतं. ते आता बुजलेलं आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. टेट्रालॉजी या नावात चार दोष मोजले आहेत. उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत आणि छिद्राच्या वर सरकलेली महाधमनी हे उरलेले दोन. पण शिक्षकांना चारही समजावण्याची गरज नाही. दोन दुरुस्त झाले की हृदयाचं काम बदलतं, आणि पत्राला तेवढंच सांगायचं आहे.

शस्त्रक्रियेआधी हीच मुलगी अंगणवाडीत धावता धावता मध्येच उकिडवी बसायची. ही या आजाराची फार जुनी खूण आहे. उकिडवं बसल्यावर पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि त्यामुळे छिद्रातून पलीकडे निसटणारं काही रक्त फुफ्फुसांकडे वळतं. मुलाला हे कुणी शिकवत नाही. बरं वाटतं म्हणून ते तसं बसतं. खेळताना वारंवार उकिडवं बसणारं, ओठ निळसर दिसणारं मूल अजून शस्त्रक्रिया न झालेलं असेल, तर ते खेळातून थांबवून तपासणीला पाठवण्याचं मूल आहे. दुरुस्तीनंतर हे बसणं थांबतं. थांबलं नाही, किंवा पुन्हा सुरू झालं, तर ते कळवायचं.

यापुढचा परिच्छेद पत्रातला सर्वांत अवघड :

‘तिचं हृदय दुरुस्त झालं आहे, पण ते जन्मतः निरोगी हृदयासारखं तंतोतंत नाही. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप थोडी गळते. त्यामुळे स्टेथोस्कोपने छातीत एक जादा आवाज ऐकू येतो आणि तो पुढेही येत राहील. कुणी नवीन डॉक्टरने तपासून शंका काढली, तर कृपया हे पत्र दाखवावं. वर्षातून एकदा तिची हृदयतज्ज्ञांकडे तपासणी होते. मागील तपासणीतील इको, ईसीजी आणि व्यायामचाचणी समाधानकारक आहेत.’

ही गळती कशी येते हे समजलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. अरुंद वाट मोठी करताना शल्यचिकित्सकाला पुष्कळदा झडपेच्या कड्यालाच छेद देऊन तिथे ठिगळ घालावं लागतं. वाट मोकळी होते, मात्र झडपेच्या पाकळ्या पूर्ण मिटत नाहीत. दर ठोक्याला थोडं रक्त मागे, उजव्या कप्प्यात येतं. बालवयात हा भार हृदय बिनबोभाट पेलतं. पण कप्पा सावकाश, वर्षांच्या हिशेबाने, मोठा होत जातो, आणि बऱ्याच जणांना पुढे किशोरवयात किंवा तरुणपणी नवी झडप बसवावी लागते. ती वेळ फार लवकर येऊ नये आणि चुकूही नये, यासाठी दरवर्षीची तपासणी असते.

इथेच शिक्षकांची भूमिका येते, आणि ती अनेक पत्रांतून सुटते. दम हळूहळू कमी होत गेला तर मूल तक्रार करत नाही. ते आपोआप कमी पळतं, खो-खोत आधीच बाद होतं, पाणी प्यायला वारंवार जातं. घरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घरी तुलना नसते. मैदानावर मात्र तीच तीस मुलं रोज समोर असतात. ‘दिवाळीआधी दोन डाव पूर्ण खेळायची, आता एकातच बसते’ हे शिक्षकांचं एक वाक्य हृदयतज्ज्ञाच्या फार कामी येतं. म्हणून चांगलं पत्र शिक्षकांना केवळ सूचना देत नाही, त्यांच्याकडून निरीक्षणही मागतं.

आता प्रत्यक्ष खेळ. पत्रात हा भाग सर्वांत मोठा असावा आणि खेळांची नावं तिथल्या मैदानावरची असावीत :

‘तिने खेळाच्या प्रत्येक तासाला सर्वांबरोबर भाग घ्यावा. धावणं, दोरीवरच्या उड्या, लगोरी, लंगडी, खो-खो, क्रिकेट, बॅडमिंटन, कवायत, सूर्यनमस्कार, लेझीम हे सर्व चालेल. कबड्डीही चालेल, फक्त दम कोंडून बळजबरीने चढाई लांबवू देऊ नये. रस्सीखेच आणि मल्लखांबावर जोर लावून फार वेळ लटकून राहणं पुढच्या तपासणीपर्यंत टाळावं. तालुका पातळीवरच्या स्पर्धेसाठी निवड झाली तर आनंदच आहे. फक्त सराव वाढवण्याआधी मला कळवावं, म्हणजे हृदयतज्ज्ञांचं मत घेता येईल.’

रस्सीखेच नको आणि खो-खो चालेल, हे वरवर उलटं वाटेल, कारण दमछाक खो-खोत जास्त दिसते. पण हृदयाच्या दृष्टीने श्रम दोन प्रकारचे असतात. धावण्यात स्नायू आखडतात आणि सैलावतात, रक्त वाहतं राहतं, नाडी वाढते. हृदय जास्त रक्त फिरवतं, पण फार मोठ्या दाबाविरुद्ध नाही. दोर ओढताना पाय रोवून, श्वास कोंडून सगळे स्नायू ताणलेलेच राहतात आणि रक्तदाब एकदम चढतो. टेट्रालॉजीत महाधमनीचं मूळ काही वेळा रुंद झालेलं असतं, म्हणून अशा ताणाबद्दल डॉक्टर सावध असतात. ते मूळ नेहमीच्या मापाचं निघालं, तर पुढच्या वर्षीच्या पत्रातून रस्सीखेचेवरचं बंधनही काढता येतं.

कबड्डीचा प्रश्न यांच्या मधला आहे. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आपला दम टिकवतो आणि त्याच वेळी चार जणांच्या पकडीतून सुटायला जोर लावतो. वर्गातल्या खेळात चढाई अल्पकाळाची असते, त्यामुळे चालते. दम टिकवण्याच्या पैजा नकोत, एवढंच पत्राला म्हणायचं आहे.

खो-खो तर या मुलीला विशेष सोयीचा आहे. आक्रमण करणारी मुलं चौकोनात बसलेली असतात. खो मिळाला की उठून काही क्षण झपाट्याने धावायचं, खो द्यायचा आणि पुन्हा बसायचं. मध्ये विश्रांती खेळाच्या नियमातच आहे. संरक्षण करताना मात्र बाद होईपर्यंत सलग पळावं लागतं. तेव्हा पहिल्या महिन्यात तिला आक्रमणात जास्त खेळवावं आणि सवय झाली की संरक्षणातही उतरवावं. इतकी वर्षं कडेला बसलेल्या मुलीचे पाय आणि फुफ्फुसं हृदयाआधी दमतात. त्या दमण्याचा अर्थ आजार परतला असा नसतो. सराव नाही, एवढाच असतो.

श्रम किती झाले, हे ओळखायला शिक्षकांना नाडी मोजण्याची गरज नाही. खेळताना मुलीला वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची पातळी. दोन-तीन शब्दांतच तिला श्वास घ्यावा लागतो, ही जोराच्या श्रमाची. अधूनमधून तिथपर्यंत जायला तिला हरकत नाही. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास जागेवर येतो की नाही, हे पाहायचं.

पत्रातला एक नियम मात्र कुठेही ढिला होता कामा नये : ‘ती स्वतःहून थांबली, तर कारण न विचारता थांबू द्यावं. फेरी पूर्ण करायला, संघासाठी आणखी एकदा पळायला आग्रह करू नये. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा देऊ नयेत.’ शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याने कुठल्याच मुलासाठी परवानगी नाही. इथे मुद्दा आणखी ठोस आहे. दुरुस्त हृदयाच्या मुलाची खरी सुरक्षितता त्याच्या स्वतःच्या जाणिवेत असते. ती जाणीव दडपून त्याला पळायला लावलं, तर हा आधार जातो.

यानंतर धोक्याच्या खुणा. पत्रात त्या थोड्या आणि ठळक असाव्यात, कारण मोठी यादी वाचून शिक्षक पुन्हा घाबरतात आणि मूल पुन्हा कडेला बसतं. खेळताना चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं, काही कारण नसताना छातीत एकदम वेगाने धडधड सुरू होऊन ती न थांबणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, या त्या खुणा. यांतली कोणतीही दिसली तर खेळ त्या दिवसापुरता बंद, पालकांना फोन, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुन्हा मैदान नाही. खेळ चालू असताना शुद्ध हरपली तर ती लगेच परत आली तरीही मुलीला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. उन्हात प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून येणारी भोवळ आणि धावता धावता येणारी बेशुद्धी, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कुठल्याही मुलाला येऊ शकते. दुसरीमागे शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती निर्माण झालेली ठोक्यांची गडबड असू शकते. दुरुस्तीनंतर चांगल्या असलेल्या मुलात ती क्वचितच उद्भवते, पण तिला दुर्लक्ष चालत नाही.

मूल कोसळलं, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने 108 ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करायची. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती सुमारे एक तृतीयांश खोल दाबली जाईल इतक्या जोराने, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. छातीवर टाक्यांचा जुना व्रण आहे म्हणून शिक्षकांचा हात थबकण्याची शक्यता असते. पत्राने ती शंका आधीच दूर करावी : सहा वर्षांपूर्वी कापलेलं छातीचं हाड केव्हाच जुळलं आहे, आणि अशा वेळी दाब न देणं हाच मोठा धोका आहे.

हाडाचा हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर लगेच शाळेत आलेल्या मुलाबाबत वेगळा असतो. छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात जड दप्तर, लटकणं, ढकलाढकली नको. आणि कबड्डीसारखे अंगावर येणारे खेळ सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनंतर, शल्यचिकित्सकाने होकार दिल्यावर. म्हणून पत्रावर तारीख हवी, आणि प्रत्येक बंधनापुढे ते कधी संपतं हेही हवं.

पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरला ही परवानगी कशाच्या आधारावर देता येते? नुसत्या आजाराच्या नावावर ती देता येत नाही. किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांसाठी युरोपीय हृदयतज्ज्ञांनी 2013 मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात दोषाच्या नावाऐवजी आज हृदय काय करतं आहे हे पाहिलं जातं : कप्प्यांची ताकद, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब, महाधमनीची रुंदी, ठोक्यांची लय आणि श्रमात रक्तातला ऑक्सिजन. त्याच वर्षी अमेरिकेच्या हृदयसंघटनेनेही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना हालचालीसाठी प्रोत्साहन द्यावं, अशी भूमिका घेतली. लहान मुलांच्या बाबतीतही डॉक्टर याच गोष्टी तपासतात. त्यामुळे एकाच आजाराच्या दोन मुलांना दोन वेगळी पत्रं मिळू शकतात. आपल्या मुलीची गळती मध्यम आणि लय नियमित आहे. तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुलात वाट पुन्हा अरुंद झाली असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर त्याला लंगडीसाठीही थांबायला सांगावं लागेल. शेजारच्या मुलाचं पत्र पाहून आपल्या मुलाचे खेळ ठरवू नयेत ते यासाठी.

पडद्यातलं साधं छिद्र पूर्ण बंद झालेल्या मुलांचं पत्र तर याहून छोटं असतं. काही गळती उरली नाही, दाब आणि लय नेहमीसारखी आहे, तर ठरलेल्या विश्रांतीनंतर सर्व खेळ, स्पर्धांसह, खुले.

टेट्रालॉजी दुरुस्त झालेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा स्नोबोर्डपटू शॉन व्हाइट. वर्षाचा होण्याआधी त्याच्या हृदयावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढे 2006, 2010 आणि 2018 या तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदकं जिंकली. प्रत्येक मूल तसं होणार नाही, आणि पत्रात तसं सुचवूही नये. पण निदानाचं नाव ऐकताच मैदान बंद करणं किती चुकीचं आहे, हे त्याच्याकडे पाहून पटतं.

आणखी दोन गोष्टी पत्रात थोडक्यात येतात. एक दातांची. कीड किंवा हिरड्यांच्या सुजेतून जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग करू शकतात, म्हणून तिने दात नीट घासावेत, दंतवैद्यांना शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी, आणि काही दिवस न उतरणारा ताप अंगावर काढू नये. दुसरी गोपनीयतेची. पत्र वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापुरतं असावं. ते वर्गात वाचून दाखवू नये. कपडे बदलताना छातीवरचा व्रण दिसतो आणि मुलं विचारतात. काय सांगायचं ते तिला ठरवू द्यावं.

इकोमधले आकडे मात्र पत्रात नकोत. मिलिमीटर आणि दाबाचे आकडे वाचून शिक्षकांना मैदानावर काही ठरवता येत नाही. ते फाइलमध्ये राहू देत.

ज्यांच्या मुलाची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर शाळेत खेळले जाणारे सगळे खेळ लिहून न्यावेत आणि हृदयतज्ज्ञांना प्रत्येकापुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेनंतर’ असं लिहून द्यायला सांगावं. तो कागद पथकाच्या डॉक्टरांना दाखवून त्यावरून शाळेसाठी पत्र घ्यावं. दर जूनमध्ये, नवीन वर्गशिक्षक आले की, नव्या तारखेचं पत्र त्यांच्या हाती द्यावं. जुन्या पत्राची झेरॉक्स चालवून घेऊ नये.